अंगण आणि न्हाणी

कर्जत परिसरात घरभेटी देताना, ज्या घरी बौद्धिक अक्षमता असलेला तरुण मुलगा आहे, तेथे एक प्रश्न दाराआड कुजबुजत विचारला जातो : ‘‘फादर, हा चारचौघांत चड्डीत हात घालतो. काय करावे?’’ वडील मारतात, आई कोंडून ठेवते. मुलाला आपले काय चुकले ते कळत नाही. बुद्धीची वाढ मंदावली म्हणून तारुण्य थांबत नाही, हे घरच्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

अशाच एका घरी मी प्रथम मुलाला डॉक्टरांकडे नेण्यास सुचविले. जांघेत नायटा निघाला. घट्ट चड्डी आणि घाम हे त्याचे कारण होते. औषधाने खाज थांबली आणि निम्मा प्रश्न सुटला. उरलेला निम्मा वयाचा होता.

एकखणी घरात एकांत मिळतो तो न्हाणीत. म्हणून वडिलांनी दोन चित्रे काढली, एक अंगणाचे व दुसरे न्हाणीचे. हात खाली गेला की घरातील प्रत्येकाने, आजीनेसुद्धा, न रागावता व न हसता एकच वाक्य म्हणायचे : ‘‘हे न्हाणीत, दार लावून.’’ रागावल्यास मुलगा लपवू लागतो, हसल्यास त्याला तो खेळ वाटतो. ‘‘समजले का?’’ या प्रश्नाला तो नेहमी ‘हो’ म्हणे. म्हणून बाजार, चर्च, बसस्थानक अशी नावे घेऊन योग्य चित्र उचलायला सांगितले. घरी जमलेले बसस्थानकावर आपोआप जमले नाही. तेथे ते पुन्हा शिकवावे लागले.

‘‘पण हे पाप नव्हे का?’’ आईने विचारले. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या 2352 व्या परिच्छेदात हे कृत्य अयोग्य म्हटले आहे. परंतु अपरिपक्वता व मानसिक कारणे यांमुळे व्यक्तीची नैतिक जबाबदारी कमी होते, असेही तेथेच नमूद आहे. त्या माउलीला हे दुसरे वाक्य कोणी ऐकवले नव्हते.

आई त्याला अजून स्वतः आंघोळ घालीत असे. ज्याच्या अंगाला कोणीही न विचारता हात लावतो, त्याला परक्याचा वाईट स्पर्शही नेहमीचाच वाटतो. म्हणून वडिलांनी त्याला साबण लावणे, धुणे, पुसणे एकेक करून शिकविले. अवयवांची खरी नावे आणि ‘नको’ म्हणणेही शिकविले. नाव ठाऊक नसेल तर तक्रार सांगणार कशी?

त्याने इतरांना कसे भेटावे, हेही ठरविले : घरच्यांना मिठी, ओळखीच्यांशी हस्तांदोलन, इतरांना नमस्कार. यामागे कायद्याचेही कारण आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्यातील अठरा वर्षांची मर्यादा जन्मतारखेवरून मोजावी, बौद्धिक वयावरून नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली दिला. विशीतला हा मुलगा आईला बाळ वाटला, तरी त्या कायद्याच्या लेखी तो प्रौढ आहे. रस्त्यात एखाद्या मुलीला त्याने निरागसपणे मारलेली मिठी लोक प्रौढाचीच समजणार. आणि तो नमस्कार त्याला घरानेच शिकवायचा आहे.