वही कोणाच्या हातची?

कीर्तनात तुकोबारायांचा जन्मशक सांगताना मी आवाज थोडा उतरवत असे. आता गळा थकला, पण ती शंका गेली नाही. म्हणून नंदुरबारहून धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाच्या वस्तुसंग्रहालयाला पत्र लिहिले : महाराजांच्या अभंगांची जुनी पोथी किंवा जन्माची नोंद आपल्या दप्तरात आहे काय?

पहिला खर्डा मी फाडला. ‘तुकोबांची पोथी’ एवढेच विचारले, तर ‘आहे’ या उत्तराला अर्थ काय? देहूची भिजकी वही वेगळी, संताजी जगनाडे यांची वही वेगळी, आणि पुढे शंभर वर्षांनी कोणी उतरवून घेतलेली प्रत त्याहून वेगळी. म्हणून दुसऱ्या खर्ड्यात विचारले : अक्षर कोणाचे? शेवटच्या पानावर लेखकाचे नाव, गाव, शक आहे काय? वही कोणत्या घरातून, केव्हा आली? दाखल क्रमांक कोणता? मधली किंवा शेवटची पाने गेली असतील, तर तेही कळवावे.

शक मिळाला, तर तो घरीच पडताळता येतो. प्रयाणाची परंपरागत नोंद शके १५७१, विरोधी संवत्सर, फाल्गुन वद्य द्वितीया अशी आहे. शकात १२ मिळवा, ६० ने भागा. १५८३ ला भागून बाकी २३ उरते, आणि प्रभवापासून तेविसावे नाव विरोधीच. नाव जुळले नाही, तर नकलनविसाचा हात चुकला किंवा नोंद मागाहून रचली, असा संशय घ्यावा. जुळले म्हणून नोंद खरीच ठरते असेही नाही. रचणाऱ्यालाही पंचांग येत असते. शिवाय फाल्गुन शकाच्या अखेरीस येतो, म्हणून इंग्रजी वर्ष १६५०. नुसते ७८ मिळवणारे १६४९ लिहून बसतात.

जन्माचे मात्र कठीण. तेव्हा सरकारी जन्मनोंदवही नव्हतीच. असलीच तर जन्मपत्रिका, घराण्याची वंशावळ किंवा क्षेत्रोपाध्यायांच्या चोपड्यातली ओळ. इतिहासाचार्य राजवाडे १५६८ धरतात, पुष्कळ जण १६०८. चाळीस वर्षांचे अंतर! १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात घरात अन्नावाचून माणूस गेले, दिवाळे निघाले. ते दुःख एकविशी-बाविशीच्या तरुणावर कोसळले की साठी ओलांडलेल्या गृहस्थावर? निरूपण पुरते बदलते. मला तरुणच पटतो, पण पटणे हा पुरावा नव्हे.

म्हणून पत्राच्या शेवटी लिहिले, ‘जन्माची नोंद नसेल, तर “नाही” एवढे स्पष्ट कळवावे, आणि असेल, तर ती मूळ आहे की नक्कल, तेवढे आधी सांगावे.’ सोबत पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट जोडले आहे. तुमच्या घरी माळ्यावर जुनी वही असेल, तर तिचे शेवटचे पान आधी पाहा. आणि पाने चिकटली असतील, तर ओढू नका.