हेडफोनमधली भाकरी

संशोधन सहायकाच्या जागेसाठी अर्ज लिहायला बसले आहे, आणि कानात मात्र भाकरी थापल्याचा आवाज आहे. थप, थप, मध्येच परातीला घासणाऱ्या बांगड्या, चुलीत तडतडलेली काटकी. माण तालुक्यातल्या एका घरी पदव्युत्तर प्रकल्पासाठी घेतलेली ती मुलाखत. "तुम्ही काही काम करता का?" असं मी विचारते, आणि थापणं जराही न थांबवता ती बाई सांगते, "मी कसलं काम करतीया? घरीच असती."

केवढा निवांत तो आवाज! तो कागदावर उतरवताना मी कितीदा तरी मागे गेले. पाठ्यक्रमात वेळ-वापर सर्वेक्षण शिकले होते. 2019 साली देशभर झालेल्या पाहणीत पहाटे 4 पासून दुसऱ्या पहाटे 4 पर्यंतचा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाने विचारला होता. पण तसं का विचारायचं, ते मला त्या परातीने शिकवलं. दुसऱ्या खेपेला 'काम' हा शब्दच टाळला. "काल उठल्यावर आधी काय केलंत? मग?" म्हटलं, आणि शेण, पाणी, चूल, शेरडं, खुरपणी असा अख्खा दिवस पदर सोडल्यासारखा उलगडत गेला.

अर्जात 'मुलाखत कौशल्य उत्तम' असं लिहून मी ते खोडलं. कुणीही लिहितं ते. त्याऐवजी हाच बदललेला प्रश्न लिहिला. खाली विदा तपासण्याबद्दल दोन ओळी: प्रत्येकीच्या दिवसाची बेरीज 1440 मिनिटं यायला हवी. 1500 आली, तर बहुधा भाकरी करता करता बाळाला जोजवलेला एकच तास दोनदा धरलेला असतो. तो खोडायचा नाही, एक काम मुख्य आणि दुसरं सोबतचं अशी नोंद करायची. बेरीज 1200 भरली, तर 4 तास कुठे गेले हे विचारायला पुन्हा त्या उंबऱ्याशी जायचं. अंदाजाने भरलेला रकाना दिसायला फार नीटनेटका असतो, आणि तिथेच संशय घ्यावा. स्टाटा येतं, हेही लिहिलं. त्यावर रेंगाळण्यासारखं काही नाही.

राहता राहिली उपलब्धता. इथे सगळे 'पूर्णवेळ तयार' असं लिहून मोकळे होतात. पण तासाभराची मुलाखत उतरवायला, त्यात चूल असेल, कोंबडा असेल, सासूबाई मध्येच बोलत असतील, तर 5 तास सहज जातात. म्हणून सरळ लिहिलं: जूनपासून आठवड्याला 20 तास देईन, त्यात 4 तासांचं ध्वनिमुद्रण उतरवून होईल, क्षेत्रकाम असेल त्या आठवड्यात तेवढं धरू नये, आणि ऑक्टोबरमधले परीक्षेचे 2 आठवडे सोडावेत.