दुप्पट गडद

आजी गेल्यावर तिच्या एका फोटोवरून ठिपक्यांचं चित्र काढायला घेतलं. फोनवर फोटो कृष्णधवल केला आणि ०.३ चं काळं पेन घेऊन बसलो. कपाळावर साधारण एकेक मिलिमीटरवर ठिपके दिले. गालावरची सावली त्याच्या दुप्पट गडद हवी, म्हणून तिथे अंतर निम्मं केलं. तासाभरानं कागद लांब धरून पाहिला, तर आजीला दाढी आलेली!

हात चुकला नव्हता, हिशेब चुकला होता. अंतर निम्मं केलं की ठिपके आडवेही दुप्पट होतात आणि उभेही. म्हणजे तेवढ्याच जागेत चौपट. माझा ठिपका कागदावर पसरून ०.४ मिलिमीटरचा होत होता. एक मिलिमीटर अंतरावर त्यानं कागदाचा आठवा भाग झाकला जातो, अर्ध्या मिलिमीटरवर थेट निम्मा. मला हवा होता पाव. त्यासाठी अंतर ०.७ पुरे होतं.

नव्या कागदाच्या कोपऱ्यात त्या अंतरानं नखाएवढा चौकोन भरला, फोटोशेजारी धरला आणि डोळे बारीक करून पाहिलं. छटा जुळली. मग गाल भरला, पण ठिपके रांगेत न देता. रांगा दिसल्या की चेहरा हरवतो. नाकाचा शेंडा कोराच ठेवला. शाईचा ठिपका वाढवता येतो, पुसता येत नाही.

आईला दोन्ही कागद दाखवले. दाढीवाल्या आजीवर ती खूप हसली. दुसरा कागद मात्र तिनं परत दिला नाही.