चार चिंचोके आणि पंचवीस घरे

श्रीरामपूरकडील एका घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात आणि निजेपर्यंतचा वेळ मोकळा राहतो. त्या वेळात चार वर्षांची नात, दहा वर्षांचा नातू, आजी व आजोबा यांनी एकत्र काय खेळावे, हा प्रश्न होता. पत्त्यांत धाकटीला काही उमगेना. तिच्या खेळांत नातू जांभया देई. अखेर आजीने खडूने फरशीवर पाच गुणिले पाच घरांचा पट आखला. प्रत्येक बाजूच्या मधल्या घरावर व मध्यभागी फुली मारली. हाच जुना चल्लस-आठ.

फाशांऐवजी चार चिंचोके खरखरीत दगडावर एका बाजूने घासून पांढरे केले. जितके पांढरे वर, तितके दान. चारही काळे पडले तर आठ. चार किंवा आठ पडल्यास पुन्हा खेळायचे. दान मोजायला चारपर्यंतचे आकडे पुरतात. आठाच्या वेळी मात्र आजोबा बोट धरून सोंगटी चालवतात. मोजणी धाकटीकडेच असल्यामुळे तिच्यावाचून डाव पुढे सरकत नाही.

सोंगटी आपल्या फुलीतून निघून बाहेरच्या घरांतून उजवीकडून डावीकडे फिरते, मग आतल्या आठ घरांतून उलट दिशेने जाऊन मध्यावर पोहोचते. एकूण चोवीस पावले. चिंचोके सारखे पडत असतील, तर दान सरासरी अडीच येते. म्हणजे एका सोंगटीला सुमारे दहा दाने. पूर्वीप्रमाणे प्रत्येकी चार सोंगट्या घेतल्या, तर डाव संपण्याआधी धाकटी झोपी जाईल. म्हणून दोन जोड्या व प्रत्येक जोडीला दोनच सोंगट्या. मारल्याशिवाय आत प्रवेश नाही, हा नियमही त्यांनी वगळला.

पहिल्या दिवशी मात्र डाव मोडला. नातवाने धाकटीची सोंगटी मारली, ती रडली आणि आजीने हळूच ती परत ठेवली. नातू पट सोडून उठला. त्याचे चुकले होते असे म्हणता येत नाही. दहाव्या वर्षी नियम हाच खेळ असतो. दुसऱ्या दिवशी धाकटी आजोबांच्या जोडीला आली, नातू आजीच्या. सोंगटी मेली की आता ती दोघांची मरते, आणि आजोबाच आधी कपाळावर हात मारतात.

फुलीवर बसलेली सोंगटी मारता येत नाही. त्यामुळे दोन पडल्यावर मागची सोंगटी फुलीवर न्यावी की पुढचीने शत्रू टिपावा, हा पेच नातू व आजी कुजबुजत सोडवतात. परवा आजीने टिपण्याचा सल्ला दिला, नातवाने ऐकला नाही; पुढच्याच दानाला धाकटीने तीन टाकले आणि आजीची उघडी सोंगटी मारली. त्या वेळी आजी रुसली.