निबंध स्पर्धा जाहीर करतोय, पण आधी मागच्या वेळी काय झालं ते

मंडळी, आमच्या वाचनालयाची शालेय निबंध स्पर्धा यंदा पुन्हा घेतोय. पत्रक दोन दिवसांत शाळांमध्ये पोचेल. त्याआधी हे जरा लांबलचक लिहितोय. मागच्या वेळी परीक्षक मीच होतो, आणि माझ्या हातून जे झालं ते सांगितल्याशिवाय यंदाचे नियम असे का केलेत ते कळणार नाही.

मागच्या वेळी १४० निबंध आले. परीक्षक दोन: मी आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. सोपा हिशोब केला, सत्तर त्यांनी घ्यायचे, सत्तर मी. प्रत्येक निबंधाला २० पैकी गुण. दोघांनीही मन लावून तपासलं, निकाल लागला, २६ जानेवारीला बक्षिसं वाटली, फोटो टाकले. पहिल्या दहात माझ्या गठ्ठ्यातलं एकही मूल नव्हतं. तेव्हा मी म्हटलं, योगायोग असेल.

पुढे एका रविवारी कागद आवरताना सहज बेरीज करून बघितली. सरांच्या गठ्ठ्याची सरासरी १४ च्या आसपास, माझ्या गठ्ठ्याची १०. निबंध तर आले तसे मिसळून वाटले होते, म्हणजे हुशार पोरं सगळी सरांकडेच गेली असं होणं अवघड. फरक आमच्या हाताचा होता. सर सढळ, मी चिक्कू. दहावा नंबर १६ गुणांवर तुटला होता आणि मी कुणालाच १५ च्या वर गेलो नव्हतो. माझ्या गठ्ठ्यातल्या मुलांची स्पर्धा वाटप झालं तेव्हाच संपलेली होती!

१५ वाला निबंध सातवीतल्या एका मुलीचा होता. तांड्यावरच्या हातपंपाबद्दल. उन्हाळ्यात किती वेळा हापसल्यावर पहिलं पाणी येतं हे तिने मोजून लिहिलं होतं, आणि महिन्यागणिक तो आकडा कसा वाढत गेला तेही. मी तो निबंध, गुण न सांगता, सरांना वाचायला दिला. सरांनी १८ दिले. त्यांच्या पहिल्या नंबरालाही १८ च होते.

सरांनी आणि मी ठरवलं, जाऊन सांगायचं, पुस्तकं द्यायची. शाळेत गेलो तर ती नव्हती. आईबापासोबत कोयत्यावर गेलेली, कोल्हापूरकडे कुठेतरी. वर्गशिक्षक म्हणाले, “साहेब, तुमची मुदत ३१ डिसेंबर. आमची निम्मी पोरं दसरा-दिवाळी झाली की गाव सोडतात. हिचा तेवढा मी आधीच लिहून घेतला होता, बाकीच्यांचा राहिला.” म्हणजे पहिला नंबर दिला असता तरी २६ जानेवारीला ती घ्यायला नसतीच. बीड जिल्ह्यात राहून ही गोष्ट आमच्या डोक्यात आली नाही, याची लाज वाटली. अजून वाटते.

तर आता यंदाचं.

विषय: ‘आमच्या घरचं पाणी’. कुठून येतं, कोण आणतं, किती दिवसांनी येतं, टँकर असेल तर रांगेत काय होतं. ‘पाणी हेच जीवन’ या थाटाचे निबंध आम्हाला नकोत, ते गाईडमध्ये छापील मिळतात. मागच्या वेळी तीन शाळांतून आलेल्या नऊ निबंधांची सुरुवात शब्दन् शब्द सारखी होती. घरचं पाणी गाईडात सापडत नाही.

गट दोन: पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी. लहान गटाला एक पान, मोठ्या गटाला दोन पानं, जास्त नको. गट वयावर करावेत असं काहींनी सुचवलं. पण हंगामाला जाऊन आल्यामुळे वर्ष वाया गेलेली पोरं आमच्याकडे पुष्कळ आहेत. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा सहावीत असतो, आणि त्याचं लिहिणं सहावीचंच असतं. म्हणून इयत्ता धरली.

विषय आज कळला, आता घरी विचारा, मोजा, टिपणं काढा. पण निबंध शाळेतच, शिक्षकांसमोर, एका तासात लिहायचा. टिपणांचं एक पान जवळ ठेवायला हरकत नाही. पालकांनी लिहून दिलेला निबंध ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही, आणि खोटा आळ एखाद्या चांगल्या मुलावर आला तर ते जास्त वाईट. त्यापेक्षा हे बरं.

लेखनाचा दिवस प्रत्येक शाळेने ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ठरवावा. गठ्ठे ५ सप्टेंबरपर्यंत वाचनालयात आले पाहिजेत. निकाल आणि बक्षिसं २ ऑक्टोबरला, मुकादमाच्या गाड्या गावात यायच्या आधी. मुदत वाढणार नाही. वाढवली की ती पुन्हा त्याच पोरांच्या मुळावर येते.

आता तपासणी. मुलाचं नाव आणि शाळा वेगळ्या चिठ्ठीवर. ग्रंथपालबाई चिठ्ठी काढून निबंधावर नुसता क्रमांक घालतील आणि वही कुलपात ठेवतील. गावाचं नाव निबंधात येणारच, पाण्याबद्दल लिहायचं आणि गाव लपवायचं हे शक्य नाही. त्यामुळे गुप्तता अर्धीच राहणार, हे मान्य. म्हणून ज्या गटात परीक्षकाच्या शाळेचं किंवा नात्यातलं मूल असेल तो गट त्याने घ्यायचा नाही. माझी पुतणी आठवीत आहे, मी मोठ्या गटाला हात लावणार नाही.

गठ्ठा वाटायचा नाही. गटातला प्रत्येक निबंध दोघे वाचणार, एक वरून खाली, दुसरा खालून वर, कारण शेवटचे निबंध कंटाळलेल्या डोळ्यांनी वाचले जातात. एका बैठकीत वीसच. सुरुवातीला पाच निबंध सगळे परीक्षक एकत्र बसून तपासतील आणि कुणी किती का दिले ते बोलतील. आमचा सढळपणा आणि चिक्कूपणा तिथेच उघडा पडेल. तरी दोघांच्या गुणांत ४ पेक्षा जास्त फरक आला तर तो निबंध तिसऱ्याकडे. शेवटी प्रत्येक गटातले वरचे बारा निबंध तिघांनीही वाचून गुण नाही, फक्त क्रम लावायचा. तिघांच्या क्रमांची बेरीज सर्वांत कमी तो पहिला. क्रम लावताना कुणाला सढळ होताच येत नाही.

२० गुणांपैकी स्वतः पाहिलेल्या-विचारलेल्या गोष्टींना १०, मांडणीला ६, शुद्धलेखनाला ४. अक्षराला शून्य. ‘हापसा’, ‘कळशी’, ‘लई’ लिहिलं म्हणून एकही गुण कापायचा नाही, ही माझी अट होती. सरांना ती पटलेली नाही, त्यांचं म्हणणं मग शाळा कशाला शिकवतात. वाद चालू आहे, पण यंदा नियम हाच.

कुणाला आपल्या मुलाचे गुण बघायचे असतील तर निकालानंतर आठ दिवस वाचनालयात या. दोन्ही परीक्षकांचे आकडे दाखवू.

आता माणसं हवीत. दीडशे निबंध धरले, एकाला आठ मिनिटं, तर गट मिळून एका वाचनाचेच वीस तास होतात, आणि वाचन दोनदा. सध्या आम्ही तिघे आहोत. मोठ्या गटासाठी निदान दोन परीक्षक कमी पडतात. सप्टेंबरातल्या तीन रविवारी सकाळी येऊ शकत असाल, आणि आठवी ते दहावीत घरचं मूल नसेल, तर खाली लिहा. मानधन नाही, चहा आहे.

ती मुलगी आता आठवीत आहे, मार्चमध्ये परत आली. तिच्या सरांकडे पत्रक पहिल्यांदा पाठवलंय.