तेवीस सह्या

४ जून २०२३, रविवार
अंगणात मीटिंग. खुर्च्या गणेशोत्सव मंडळाच्या, बटाटेवडे बिल्डरचे. ३८ खोल्या, ६ गाळे. निम्म्याहून जास्त, म्हणजे ५१ टक्के भाडेकरूंची संमती हवी. पूर्वी ७० टक्के लागायची. आता २३ सह्या झाल्या की पुरे.
प्रत्येकाला ३०० चौरस फूट, संडास घरात, लिफ्ट. आमची खोली १७०.
इतिवृत्त मी लिहायचं ठरलं. शाळेत मास्तरीण होते, म्हणून.

५ जून
संमतीपत्र नीट वाचलं. क्षेत्रफळाची जागा कोरी. कोणता मजला, तीही कोरी. "नकाशात आवश्यक ते बदल करण्यास माझी हरकत नाही" हे मात्र छापील.

६ जून
वन्सं चौऱ्याऐंशीच्या. सकाळी संडासच्या रांगेत उभ्या राहतात तेव्हा पुढची बाई त्यांना आत सोडते, पण आत बसून उठायचं कसं, ते त्यांचं त्यांना माहीत. आज परत आल्या ते भिंतीला धरून. "कमोड कधी मिळणार ते विचार तुझ्या मीटिंगमध्ये," म्हणाल्या.

१३ जून
बिल्डरकडे कामाला असलेला मुलगा घरोघर फिरतोय. पोरगाच आहे, तिशीचा. निळा शर्ट, फायलींची पिशवी. चहा घेतो, चप्पल दाराबाहेर काढतो. राहायला नालासोपाऱ्याला. सकाळची लोकल विरारहूनच भरून येते म्हणाला.
सह्या ११.

१८ जून
गाळा नंबर ३, लाँड्रीवाले. भाडेपावती अजून त्यांच्या वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. भाडं इतकी वर्षं हेच भरतात, पण पात्रतेच्या यादीत नाव पावतीवरून चढतं. लाइटबिल, रेशनकार्ड, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळं गोळा करायला सांगितलं. दोन मेहुण्यांपैकी एक सुरतेला, त्याच्याशी बोलणं नाही. इस्त्री हातात तशीच धरून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाई, मी तर इथलाच आहे ना?"

२५ जून
पाऊस आला. मागच्या जिन्यात टपटप सुरू. बादली.

२८ जून
म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचे इंजिनीअर आले. वयस्कर, कमी बोलणारे. मी मागे मागे फिरले.
सगळे म्हणत होते, तडे मेट्रोच्या खोदकामानं गेले. त्यांनी मान हलवली नाही. संडासच्या बाजूच्या भिंतीत सागवानी तुळयांची टोकं रुतलेली आहेत. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून तुळईच्या टोकात दाबला, तर मुठीपर्यंत आत गेला. हातभर अलीकडे तोच दाबला, तर ओरखडाही नाही. "पाइप गळतो, पाणी भिंतीत मुरतं, टोक कुजतं. मधलं लाकूड शंभर वर्षं टिकेल. पण तुळई टेकते ती टोकावर."
जिन्यातल्या तड्यावर काचेची पातळ पट्टी चिकटवली. दोन्ही टोकं प्लॅस्टरमध्ये बसवली, मधे तडा उघडा ठेवला. शाईनं तारीख घातली. भिंत हलत असेल तर काच फुटेल, नसेल तर तडा जुना, मेलेला.
दुरुस्ती होईल का, विचारलं. होईल म्हणाले. पण मंडळाच्या खर्चाला मर्यादा असते, वरचे पैसे भाडेकरूंनी भरायचे. तूर्त टेकू लावू.

१ जुलै
लोखंडी टेकू आले. मुलांना लपाछपीला नवी जागा.

९ जुलै, रविवार
वन्संनी सही केली. मला न विचारता. पावती त्यांच्या नावावर आहे, विचारतील कशाला.
सह्या १६.

१० जुलै
दिवसभर बोलले नाही. रात्री त्यांनीच ताट वाढलं.

२० जुलै
इर्शाळवाडी. टीव्ही बंद केला. जिन्यात गेले, काच शाबूत.

२७ जुलै
काच फुटली.
पहिल्या मजल्यावरचा तरुण खवळला. बिल्डरच्या माणसांनी फोडली, त्यांना इमारत धोकादायक ठरवायचीय, म्हणून. अर्धी चाळ जिन्यात. निळा शर्टवाला नेमका तेव्हा आला. त्याच्या अंगावर गेले लोक. बिचारा पिशवी छातीशी धरून उभा.

२९ जुलै
इंजिनीअर येऊन बघून गेले. दोन्ही टोकं प्लॅस्टरमध्ये घट्ट, चीर बरोब्बर तड्याच्या रेषेवर, केसाएवढी. हातोडी मारली असती तर काचेचे तुकडे झाले असते, टोक उखडलं असतं. हे भिंतीनं केलंय.
तरुणाला पटलं नाही. पटल्यासारखं दाखवलंही नाही.

६ ऑगस्ट
मालकीणबाईंकडे दादरला गेले. अठ्ठ्याहत्तर वय, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. मला वाटलं होतं, भांडण होईल. त्यांनी वही काढली. आमचं भाडं महिना १८७ रुपये. १९९९ च्या भाडे कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढ, त्यापलीकडे काही नाही. मूळ रकमेवर ४ टक्के म्हणजे किती ते आपणच बघा म्हणाल्या. खोली विकली गेली तर तिसरा हिस्सा मालकाला, हा पागडीचा रिवाज. पण पुनर्विकासाचं नाव निघाल्यापासून कोणी विकत नाही, घेत नाही.
"सासऱ्यांनी ही चाळ बांधली तेव्हा लोक त्यांना शेठ म्हणत. मला कोर्टाच्या तारखा आल्या." इमारत आपोआप पडली तर गुन्हा आपल्यावर, ही भीती त्यांना खरीच आहे. त्यात म्हाडाची नोटीस. नव्या ७९-अ प्रमाणे मालकानं सहा महिन्यांत प्रस्ताव द्यायचा, नाही दिला तर भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला सहा महिने, नंतर म्हाडाच जागा घेणार. म्हणून त्यांनी घाईनं बिल्डर गाठला.
पेढा दिला. घेतला.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. सह्या १९, तिथंच अडलंय.

३० ऑगस्ट, राखी पौर्णिमा
कुलूपबंद खोल्यांचे लोक बहिणींकडे आले. डोंबिवली, बदलापूर, एक पुण्याचे. ९ खोल्या बंद आहेत, पावत्या त्यांच्याच नावावर. निळा शर्टवाला दुपारी खाली बाकावर बसून होता, कागद तयार. जेवून खाली उतरतानाच तिघांनी सह्या केल्या.
त्यांची चूक काय? त्यांच्यासाठी ही चाळ म्हणजे कुलूप आणि आशा. ट्रान्झिटला जायचं नाही, मुलांची शाळा बदलायची नाही. टेकूखालून जायचं नाही. पण त्यांची सही आणि माझ्या शेजारणीची सही सारखीच मोजतात.
२२.

३१ ऑगस्ट
भेंडीबाजारातली हुसैनी इमारत २०१७ मध्ये आजच्याच तारखेला पडली. ३३ माणसं गेली. ती इमारत पुनर्विकासाच्या योजनेत होतीच. काही कुटुंबं आधीच हलवलेली, काही तिथंच होती. हे वन्संना सांगितलं. "म्हणून तर सही केली," म्हणाल्या.

८ सप्टेंबर
शेजारीण रात्री आली. मुलगी दहावीला. ट्रान्झिटला की भाडं घेऊन बाहेर? बिल्डर भाडं देतो म्हणतोय, त्या पैशात गिरगावात मोरीसुद्धा मिळणार नाही. विरार-नालासोपाऱ्याला मिळेल. मग शाळा?
सही केली नसली तरी २३ झाल्या की ९५-अ खाली उरलेल्यांना बाहेर काढता येतं. हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. सांगायला नको होतं की आधीच सांगायला हवं होतं, कळेना. पोळ्या राहिल्यात म्हणून उठून गेली.

१९ सप्टेंबर
बाप्पा आले. मूर्ती यंदा नेहमीएवढीच. मालकीणबाई मुलाच्या हाताला धरून दर्शनाला आल्या, टेकूंमधून वाकून. प्रसाद वाटायला निळा शर्टवाला उभा होता, त्याला कोणी बोलावलं ते कळलं नाही.

२२ सप्टेंबर
आरतीनंतर तो जिन्यात थांबला. आवाज खाली. परळला त्यांची चाळ होती. आईनं कच्च्या कागदावर सही केली आणि खोली सोडली. अकरा महिने भाड्याचे चेक आले, मग बंद. प्लॉटवर अजून पत्रे आहेत. तो बिल्डर दुसरा होता, ह्याच्या मालकाशी संबंध नाही, असं दोनदा म्हणाला.
"तुमच्याकडचा करार रजिस्टर झालाय का, एवढं विचारत जा बाई."
खाली कोणीतरी हाक मारली. गेला.

२८ सप्टेंबर
विसर्जन. रात्री तीनला परत. पाय गेले कामातून.

३ ऑक्टोबर
ओळखीच्या वकीलबाईंकडे. संमतीपत्र म्हणजे फक्त मंडळाकडून ना-हरकत मिळवायला लागणारा कागद. त्यात खोली मिळत नाही. खोली मिळते प्रत्येकाच्या स्वतंत्र पर्यायी जागेच्या करारात: चौरस फूट कार्पेट, मजला, भाड्याची रक्कम, ताब्याची मुदत. तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा. भाड्याचे पुढल्या तारखांचे चेक आधी हातात. शक्य तर बँक गॅरंटी, म्हणजे बिल्डर पळाला तरी पैसा उरतो.
लोक चुकतात ते सही करताना नव्हे, किल्ली देताना, असं म्हणाल्या. रिकामी खोली हे भाडेकरूच्या हातातलं एकमेव पान. ते टाकलं की मग नुसतं विचारत बसायचं.

८ ऑक्टोबर, रविवार
तेविसावी सही लाँड्रीवाल्यांची. सुरतेच्या मेहुण्याचं प्रतिज्ञापत्र आलं, नाव यादीत चढलं, त्याच दिवशी. वाटेत पेपर घेऊन भेटले, खुशीत. गाळा तळमजल्याला, रस्त्यालगत, असं तोंडी कबूल केलंय म्हणाले. तोंडी.

१५ ऑक्टोबर
घटस्थापना. मीटिंग. बिल्डर स्वतः आला. मागण्या वाचल्या. स्वतंत्र नोंदणीकृत करार: कबूल. बारा महिन्यांचे चेक: कबूल. बँक गॅरंटी: बघू. माझा पैसा विक्रीच्या मजल्यांतून येणार, ते बांधून झाल्यावर, असं तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता. तेच तर.
पहिल्या मजल्यावरच्या तरुणानं पहिल्यांदा मला विचारलं, बाई, ह्यात काय लिहायचं?

२२ ऑक्टोबर, रविवार
जिन्यात नवी काच बसवली, मागचीशेजारी. टेकू दोन वाढले. वन्संना लिफ्टचं चित्र हवंय भिंतीवर, दिलं.
बोर्डावर माझ्या अक्षरात लावलं:
"सर्व भाडेकरूंस कळवण्यात येते की, संमती दिली असो वा नसो, आपला स्वतंत्र करार नोंदवून त्याची इंडेक्स टू हातात पडेपर्यंत कोणीही खोलीचा अगर गाळ्याचा ताबा देऊ नये. मयताच्या नावे पावती असलेल्यांनी कागदपत्रे दिवाळीपूर्वी पूर्ण करावीत. किल्ली मागायला कोणी आल्यास खोली नंबर १२ मध्ये पाठवावे."