एक वाक्य खोडलं, त्याची गोष्ट

सध्या इन्फ्लुएन्सर आणि त्यांचे फॉलोअर्स यांच्यातल्या 'पॅरासोशल', म्हणजे एकतर्फी नात्यावर लिटरेचर रिव्ह्यू लिहितोय. पहिल्याच पानावर छातीठोक लिहून टाकलं होतं : 'एकटी माणसंच असल्या नात्यात अडकतात.' टपरीवरही सगळे हेच म्हणतात.

मग रुबिन, पर्स आणि पॉवेल यांचा १९८५ चा मूळ पेपर वाचला. त्यांनी अमेरिकेत स्थानिक टीव्ही बातम्यांच्या प्रेक्षकांना २० विधानं देऊन आवडत्या निवेदकाविषयीची जवळीक मोजली. एकटेपणाशी तिचा संबंध सापडलाच नाही! वाक्य खोडलं. अर्थात एका अभ्यासावरून 'संबंध नसतोच' असंही लिहिता येत नाही.

दुसरी गोम पट्टीत आहे. त्यांच्या पट्टीचं नाव 'पॅरासोशल इंटरॅक्शन', म्हणजे बघताना होणारा संवादाचा भास. पण त्यात 'निवेदक सुट्टीवर गेला की चुकल्यासारखं वाटतं' अशा अर्थाचंही विधान आहे. हे तर टीव्ही बंद केल्यावरही टिकणारं नातं झालं! फक्त बघतानाचा अनुभव मोजायला हार्टमन आणि गोल्डहूर्न यांनी २०११ मध्ये वेगळी पट्टी मांडली.

म्हणून आता प्रत्येक अभ्यासापुढे तीन रकाने आखलेत : कोणाला विचारलं, पट्टी कोणती, बघतानाचं मोजलं की नंतरचं. रकाने जुळले तरच दोन निष्कर्ष शेजारी ठेवतो. शिवाय इन्फ्लुएन्सर कमेंटला उत्तरही देतो. टीव्हीवरचा निवेदक कुठे देत होता? त्यामुळे टीव्हीचा निष्कर्ष रीलला जसाच्या तसा चिकटवायचा नाही.

बातमीतही 'अभ्यास सांगतो' लिहिण्याआधी आपण हे तीन रकाने कधी तपासले होते, हे आठवून पाहिलं. गप्प बसलो.